पार्श्वभूमी : चार औंस मैदा म्हणजे अर्धा कप नव्हे

पुण्यात घरी ओव्हन नसताना लोक रवा-मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचे आणि नानकटाई भाजून आणायचे. भट्टी किती तापवायची ते भट्टीवाल्याला ठाऊक, माप किलोत. घरात ओटीजी आला, नातेवाईक परदेशी पुस्तकातल्या पानाचे फोटो धाडू लागले, तेव्हापासून तापमान आणि माप दोन्ही आपल्याच गळ्यात पडले.

अशा पानावरची कृती मराठीत उतरवायची, तर फोटोत बहुधा पुस्तकाचे नाव कापलेले असते, त्यामुळे आधी देश ओळखावा लागतो. 'स्टिक' भर लोणी असेल तर पान अमेरिकी. कपांनी, तेही सपाट भरून मोजण्याची शिस्त तिथे 1896 साली बॉस्टनच्या एका पाककला शाळेच्या पुस्तकाने रुजवली. 'कॅस्टर शुगर', 'सेल्फ-रेझिंग' पीठ आणि 'गॅस मार्क' दिसले की पान ब्रिटिश. तिथला स्वयंपाक तराजूवर मोजला जाई. गॅस मार्क हा तिथल्या गॅस ओव्हनच्या तापमानाचा आकडा; गॅस मार्क 4 म्हणजे 180 अंश सेल्सिअस. अनुवादात 'गॅस 4 वर' असे लिहिले तर वाचणारा शेगडीच्या आचेचा अर्थ घेतो. पंख्याच्या ओव्हनमध्ये 160 पुरे.

सगळा गोंधळ औंसाचा. आपल्याकडे 1958 पासून ग्रॅम-किलो आले आणि औंस उरला तो औषधाच्या नि बाळाच्या दुधाच्या बाटलीवर, म्हणजे पातळ पदार्थापुरता. पाण्याचे आठ औंस म्हणजे एक कप, हेही खरेच. म्हणून पुष्कळ जण चार औंसांचा सरळ अर्धा कप करतात.

आता ब्रिटिश स्पंजचे एक पान घ्या: लोणी, साखर, पीठ प्रत्येकी 4 औंस, अंडी दोन. अर्ध्या कपात लोणी 113 ग्रॅम बसते, म्हणजे बरोबर चार औंस. साखर 100 ग्रॅम, थोडीच कमी. मैदा मात्र जेमतेम 60 ग्रॅम, हवा त्याच्या निम्मा! दोन जिन्नस जमून जातात म्हणून चूक लपते आणि दोष ओव्हनला लागतो. लक्षण सोपे आहे: मिश्रण चमच्यावरून जड पडण्याऐवजी धारेने वाहते, केक मधे बसतो आणि कडेला तूप सुटते.

घरात वजनकाटा नसतो म्हणून कपच द्या, असा आग्रह अनेकांचा असतो. मला तो पटत नाही. घट्ट जिन्नसाचा औंस म्हणजे वजन: 28 ने गुणा आणि ग्रॅम लिहा. कप लिहायचाच तर कंसात, आणि मैद्याचा कप साधारण 125 ग्रॅमचा धरून. त्या हिशोबाने वरच्या पानात मैदा पाऊण कपाहून सुमारे अडीच मोठे चमचे जास्त येतो.

शिवाय 'सेल्फ-रेझिंग' चे नुसते 'मैदा' करू नका. त्या पिठात बेकिंग पावडर आधीच असते, म्हणून आपल्या 113 ग्रॅम मैद्यात दीड छोटा चमचा पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून घ्यावे. आणि कृतीतले 'फोल्ड' म्हणजे घडी घालणे नव्हे, तर चमचा तळातून वर आणत, न फेटता, हलक्या हाताने कालवणे.