गडद कपड्यांचे विटणे

काळा किंवा गडद निळा सुती कपडा सगळीकडून सारखा विटत नाही. आधी शिवणी, कॉलरची धार आणि खिशांचे काठ पांढुरके होतात. याला आपण सरसकट ‘रंग गेला’ म्हणतो, पण बरेचदा तिथला रंग पूर्ण गेलेला नसतोच.

शिवणीपाशी कापडाचे तीन-चार थर एकावर एक येतात आणि तो भाग उंचावतो. मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांची घासट सगळ्यात जास्त त्यालाच लागते. ओला कापूस घासला की त्याचे बारीक तंतू सुटून वर येतात, आणि ही लव प्रकाश विखुरते. त्यामुळे खालचा काळा रंग शाबूत असूनही वरून राख भुरभुरल्यासारखी दिसते.

हे ओळखता येते. जुन्या काळ्या पँटची गुडघ्याजवळची फिकट जागा आणि शिवणीच्या आतली माया दोन्ही पाण्याने भिजवून शेजारी धरा. माया नेहमी झाकलेली असते, म्हणून तिचा रंग जवळपास मूळचा राहतो. भिजल्यावर दोन्ही सारख्याच काळ्या दिसल्या तर दोष लवेचा. गुडघा भिजूनही फिकाच राहिला, तर रंग खरोखर उतरला आहे. पँट उलटी करून आणि कमी घासट लागेल अशी धुतली तर लव कमी उठते. उतरलेला रंग मात्र त्याने परत येत नाही.

रंग किती टिकेल हे छटेपेक्षा तो धाग्याला कसा धरला आहे यावर ठरते. जीन्सची नीळ मुख्यतः सुताच्या बाहेरच्या थरातच बसते, आतला गाभा पांढरा राहतो. म्हणून जिथे घासते तिथे पांढरे उघडे पडते. १९५६ साली बाजारात आलेले रिअॅक्टिव्ह रंग कापसाशी रासायनिक बंधाने जोडले जातात. त्यातला काही रंग कापसाऐवजी पाण्याशीच जुळतो आणि नुसता चिकटून राहतो. कारखान्यात तो नीट धुऊन काढला नसेल तर पहिल्या काही धुण्यांत पाणी रंगते. तेवढ्यावरून कपडा कच्च्या रंगाचा ठरवणे घाईचे होईल. व्हॅट रंग पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात धाग्याच्या आत अडकतात. नीळ याच कुळातली असली तरी इंडँथ्रीन गटातले निळे आणि हिरवे तिच्यापेक्षा फार पक्के असतात.

काळा सगळ्यात फसवा. सुती कपड्याचा काळा अनेकदा गडद निळ्यात नारिंगी किंवा लाल मिसळून साधतात. त्यातला एक घटक आधी गेला की काळा निळसर किंवा तांबूस होतो. सल्फर रंगाचा काळा साध्या धुण्याला बऱ्यापैकी टिकतो, पण क्लोरीनच्या ब्लीचपुढे त्याचा निभाव लागत नाही.

पॉलिस्टरचा काळा याहून चिवट, कारण तो सुमारे १३० अंश सेल्सिअसला धाग्याच्या आत शिरवलेला असतो आणि घरच्या धुण्यात तितकी उष्णता कधीच येत नाही. म्हणूनच जुन्या सुती पँटचे कापड करडे होते आणि तिच्यावरची पॉलिस्टर दोऱ्याची शिलाई मात्र काळीभोर उठून दिसते.