नाल्याच्या पुरानं प्रॅक्टिकल हुकलं तर दुसऱ्या बॅचमध्ये बसायचं कसं

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी अलीकडच्या गावातूनच परत फिरते अन् आपलं प्रॅक्टिकल जाते. बहुतेक पोट्टे पुढच्या आठवड्यात सरांना सांगू म्हणून गप राहतात, तिथंच चुकते. केमिस्ट्रीत एकच प्रयोग आठवडाभर आळीपाळीनं सगळ्या बॅचला असतो, मंगळवारी ए, बुधवारी बी, गुरुवारी सी असं. तो आठवडा संपला की सोल्यूशन फेकून देतात अन् टेबलावर पुढचा प्रयोग लागतो, मग सत्र संपताना रिपीट ठेवलं तरच चान्स. म्हणून त्याच दिवशी फोन किंवा मेसेज करा अन् दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन भेटा.

भेटायचं लॅब इन्स्ट्रक्टरला, पण प्रॅक्टिकल चालू असताना नाही, सुरू व्हायच्या आधी पंधरावीस मिनिटं. जायच्या आधी टाइमटेबल बघून घ्या, ज्या बॅचमध्ये बसायचं म्हणता त्या वेळेला आपलं लेक्चर नको. ब्युरेट अन् जागा मोजक्याच असतात, त्यामुळे कोणी गैरहजर असेल तरच घेतो असंही सर म्हणू शकतात, तरी अ‍ॅप्रन, जर्नल घेऊन वेळेवर हजर राहा.

सोबत साधा अर्ज, आयकार्ड अन् एसटी पासची झेरॉक्स न्या. आजारी असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी लावा. अर्ज एवढाच पुरे:

"सर, मी बी.एस्सी. प्रथम वर्ष, बॅच ए, रोल नंबर १४. मंगळवारी नाल्याला पूर असल्यानं बस आली नाही, म्हणून पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन राहिलं. गुरुवारी दुपारी माझं लेक्चर नाही, तेव्हा बॅच सी सोबत करू द्यावं ही विनंती."

कारण खरं ते लिहा, घरी निंदण होतं तर निंदणच लिहा, आपल्याकडच्या सरांना ते समजते.

मित्राचं रीडिंग उतरवून घेऊ नका, ते पकडलं जाते. परमँगनेटचं द्रावण ठेवल्या ठेवल्या हळूहळू उतरते, त्यात दर बॅचला नवीन बनवलं असेल तर ताकद वेगळीच निघते. मंगळवारी १० मिली ऑक्झॅलिक अ‍ॅसिडला ९.८ मिली लागलं अन् गुरुवारी १०.२, तर तुमच्या जर्नलात गुरुवारची तारीख अन् मंगळवारचं ९.८ दिसलं की सर लगेच विचारतात.

प्रयोग झाल्यावर निघायची घाई नको. सी बॅचच्या रजिस्टरमध्ये तुमचं नावच नसते, म्हणून हजेरी ए बॅचच्या पानावर रोल नंबर १४ समोर लावून घ्या अन् रीडिंगखाली त्याच दिवशी सही घ्या. जर्नल सर्टिफाय करताना ही सही नसली तर केलेला प्रयोगही न केल्यात जमा होते.