एका फोटोवरून हलती क्लिप

एकच स्थिर छायाचित्र देऊन त्यापासून काही सेकंदांची हलती क्लिप बनवण्याचे तंत्र. फोटो ही क्लिपची पहिली फ्रेम मानली जाते आणि पुढच्या सगळ्या फ्रेम संगणकीय मॉडेल अंदाजाने रचते. याला बोलीत ‘फोटो जिवंत करणे’ म्हणतात. फोटो काढल्यानंतरच्या क्षणी प्रत्यक्षात काय घडले, याची माहिती मात्र फोटोत नसते, आणि ती मॉडेललाही नसते.

फोटोवरून कॅमेरा सरकवून हालचालीचा भास निर्माण करणे माहितीपटांत फार जुने आहे. चेहराच हलवणारी साधने सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती २०२१ साली, मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने ‘डीप नॉस्टॅल्जिया’ सुरू केल्यावर. त्यात आधीच चित्रित केलेली मानेची नि डोळ्यांची हालचाल जुन्या फोटोतल्या चेहऱ्यावर चढवली जाई. म्हणून पणजोबा असोत की शेजारची काकू, मान वळवण्याची ढब तीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘स्टेबल व्हिडिओ डिफ्युजन’ने अख्खे चित्र हलवले, पण फक्त १४ किंवा २५ फ्रेम. २०२४ मध्ये क्लिंग आणि लुमा ही साधने, २०२५ मध्ये अलिबाबाचे खुले ‘वान २.१’ आणि क्लिपला आवाजही जोडणारे गूगलचे ‘व्हिओ ३’ आले.

ही नवी साधने डिफ्युजन पद्धतीने चालतात. मॉडेल शिकताना असंख्य व्हिडिओ पाहते. मग दिलेल्या फोटोला धरून, निव्वळ दाणेदार गोंधळातून टप्प्याटप्प्याने फ्रेम स्वच्छ करत आणते. सुरुवातीचा गोंधळ ज्या आकड्यावरून ठरतो त्याला ‘सीड’ म्हणतात. सीड बदलला की त्याच फोटोची, सोबत लिहून दिलेल्या त्याच सूचनेची वेगळीच क्लिप निघते. रोज हे काम करणारे म्हणूनच एकाच फोटोच्या चार-पाच क्लिपा काढतात आणि त्यांतली एक ठेवतात. सूचनेत फोटोचे वर्णन लिहून फारसा उपयोग नसतो, ते मॉडेलला दिसतेच आहे. ‘नवरी हळूच वर पाहते, पदर वाऱ्याने हलतो, कॅमेरा स्थिर’ अशी हालचाल लिहावी लागते. ती नीट लिहिली नाही, तर पुष्कळदा माणसे पुतळ्यासारखी उभी राहतात आणि नुसता कॅमेरा पुढे सरकतो.

लोक सर्वांत जास्त हौसेने देतात तो जुना लग्नाचा ग्रुप फोटो, आणि साधन हमखास फसते तेही तिथेच. कारण मोजून दाखवता येते. वीस सेंटिमीटर रुंदीचा कृष्णधवल फोटो, दोन रांगांत वीस माणसे, प्रत्येकाचा चेहरा साधारण एक सेंटिमीटर. स्कॅन केल्यावर चित्र ३२०० पिक्सेल रुंद झाले तर चेहऱ्याच्या वाट्याला १६० पिक्सेल येतात, ते पुरेसे वाटतात. पण वान २.१ ची कमी पिक्सेलची आवृत्ती ८३२ पिक्सेल रुंदीवर काम करते, म्हणजे चेहरा उरला ४२ पिक्सेलांचा. त्यातही मॉडेल पिक्सेलांवर थेट काम करत नाही. आधी चित्र आडवे-उभे आठपट आवळले जाते, म्हणजे आठ पिक्सेल रुंदीचे एकच घर होते. आता आत्याबाईंचा अख्खा चेहरा, डोळे-नाक-ओठांसकट, रुंदीला जेमतेम पाच घरांत बसवायचा आहे. क्लिप सुरू होताच मागच्या रांगेतले चेहरे मेण वितळावे तसे होतात आणि सगळे एकमेकांचे भाऊबंद दिसू लागतात. स्कॅन आणखी बारीक करून हे सुधारत नाही, कारण तपशील नंतर गाळला जातो. मूळ स्कॅनमधून वधूवरांपुरता चार सेंटिमीटर रुंदीचा तुकडा कापून तोच द्यावा. मग चेहरा चौकटीची पाव रुंदी व्यापतो आणि त्याला पाचऐवजी सव्वीस घरे मिळतात.

चेहरा मोठा असला तरी दुसरी अडचण राहते. जुन्या स्टुडिओ फोटोंत माणसे बहुधा ओठ मिटून बसलेली असतात. त्यांना हसवायला सांगितले की मॉडेल दात दाखवते, आणि ते दात त्या माणसाचे नसतात. एक सरळ, पांढरी पंगत येते. पुढचा एक दात किंचित तिरका असलेली आजी घरच्यांना लगेच परकी वाटते. नेमके काय बिघडले ते मात्र चटकन सांगता येत नाही. मान वळवण्याचेही तसेच. थोडी वळली तर निभते, पुरती वळवली तर कान आणि गालाची दुसरी बाजू कल्पनेतून येते. नवरीने मान फिरवली आणि नथ क्षणभर आड गेली, तर मान परत येताना नथ लहान झालेली, मोत्यांची संख्या बदललेली किंवा ती गायबच झालेली असू शकते. तपासायचे तर क्लिप थांबवून पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवावी आणि बांगड्या, मंगळसूत्राच्या वाट्या, बोटे मोजावीत. क्लिप चालू असताना हे निसटते. आवाज जोडणाऱ्या साधनाने आजोबांना बोलते केले, तर तो आवाजही कोणाचाच नसतो.

पाणी, धूर, ढग, झाडाची पाने, समईची ज्योत, वाऱ्यावरचा पदर यांत साधने खरोखर तरबेज आहेत. लाटेचा प्रत्येक थेंब कुठे जायला हवा होता हे पाहणाऱ्यालाही ठाऊक नसते, म्हणून चूक दिसत नाही. घाटातला धबधबा किंवा पावसातले अंगण पहिल्याच फेरीत जमून जाते. त्याच अंगणात दुकानाची पाटी असली आणि कॅमेरा सरकला, की देवनागरीचे काने-मात्रे विरघळू लागतात; तिथे कॅमेरा स्थिर ठेवणेच बरे.

झोपाळ्याचा फोटो घेतला तर आणखी एक मर्यादा दिसते. पोर मधोमध आहे. ते पुढे चालले आहे की मागे, हे फोटोत नाही. एका सीडला झोपाळा पुढे जातो, दुसऱ्याला मागे, आणि कधी साखळ्या जागीच राहून फळी तेवढी ताणली जाते. वजन आणि साखळीची लांबी यांचे गणित मॉडेल सोडवत नसते, पाहिलेल्या झोपाळ्यांवरून अदमास बांधते.

क्लिप इतकी छोटी का, याचेही कारण आहे. वान २.१ सेकंदाला १६ या गतीने ८१ फ्रेम देते, म्हणजे जेमतेम पाच सेकंद. व्हिओ ३ ची क्लिप आठ सेकंदांची. सगळ्या फ्रेम एकमेकींशी जुळाव्यात म्हणून मॉडेल त्या एकत्रच पाहते, प्रत्येक फ्रेम बाकीच्यांशी ताडते, आणि लांबी दुप्पट केली की ही तुलना सुमारे चौपट होते. यावरची पळवाट म्हणजे पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम घेऊन ती दुसरीचा फोटो म्हणून देणे. पण दुसऱ्या खेपेला मूळ फोटो समोर नसतो, झेरॉक्सची झेरॉक्स निघते. तिसऱ्या-चौथ्या जोडापर्यंत रंग भडकतात, त्वचा गुळगुळीत होते आणि चेहरा हळूहळू दुसऱ्याचाच होतो. काही साधनांत पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम देता येतात. दोन्हीकडे मूळ फोटोच दिला तर चेहरा शेवटी परत ठिकाणावर येतो. नवरी वर पाहते आणि पुन्हा नजर खाली घेते, एवढीच हालचाल त्यात मावते.