शिलाईची मजुरी वेगळी, नफा वेगळा

घरी किंवा छोट्या दुकानात कपडे शिवणाऱ्यांच्या हिशेबात एक चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. सामानाचा खर्च वजा जाता जे हातात उरते, त्या सगळ्याला नफा म्हटले जाते.

सामानाचा हिशेब बहुतेकांना चोख येतो, त्यामुळे तो थोडक्यात सांगतो. अस्तर लावलेली एक कुर्ती घेऊ आणि दर उदाहरणादाखल धरू. अडीच मीटर कापड १८० रुपये दराने ४५० रुपये, दोन मीटर सुती अस्तर १२० रुपये, दोरा, कॅनव्हास आणि हुक मिळून ३० रुपये, म्हणजे एकूण ६०० रुपये झाले. दोऱ्याचा पैसा-पैसा मोजत बसण्यात अर्थ नाही. त्यासाठी ठोक रक्कम धरावी.

आता ही कुर्ती १,००० रुपयांना दिली, तर ‘४०० रुपये सुटले’ असे सर्रास म्हटले जाते. पण माप आणि कटिंगला पाऊण तास, मशीनवर दोन तास, तुरपाई, इस्त्री आणि ट्रायलला सव्वा तास, असे चार तास तिच्यावर गेलेले असतात. मशीन चालू असतानाचाच वेळ मोजण्याची सवय मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यामुळे निम्मी मेहनत हिशेबातून गळते. तासाला ८० रुपये धरले तरी मजुरी ३२० रुपये होते. भाडे आणि विजेचा वाटा ४० रुपये धरला, तर खर्च ९६० रुपयांवर जातो आणि खरा नफा उरतो तो केवळ ४० रुपये.

स्वतः शिवत असाल, तर ही ३२० रुपयांची मजुरीही तुमच्याच खिशात येते, म्हणून फरक जाणवत नाही. दिवाळीच्या गर्दीत तेच काम नगावर कारागिराकडे दिले, की हा फरक लगेच उघडा पडतो, कारण ३२० रुपये कारागीर घेऊन जातो, आणि गिऱ्हाइकाने बाही सैल करून मागितली किंवा न भिजवता कापलेले अस्तर पहिल्या धुण्यात आटले, तर ती दुरुस्ती उरलेल्या ४० रुपयांतूनच करावी लागते. म्हणून दर ठरवताना स्वतःला कारागीर समजून मजुरी आधी खर्चात लिहावी आणि नफा त्यानंतर चढवावा.

नफ्याचा टक्का कशावर काढायचा, हेही एकदा ठरवून घ्यावे. खर्चावर २० टक्के चढवले, तर दर १,१५२ रुपये येतो. विक्रीतले २० टक्के नफा म्हणून हवे असतील, तर ९६० ला ०.८ ने भागून १,२०० रुपये. मी दुसरी रीत वापरतो, कारण घासाघीस होऊन ५० रुपये सोडावे लागले, तरी १९० रुपये नफा राहतो आणि मजुरीला हात लागत नाही.