पार्श्वभूमी : टक्क्यांची बेरीज १००.०२ का येते?

२०११ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यांतले टक्के एका दशांशस्थळापर्यंत घेतले तर आठही ओळींची बेरीज नेमकी १००.० येते. पूर्णांकात घेतले तरी १००च येते. पण अधिक काटेकोर म्हणून दोन दशांशस्थळे घेतली की बेरीज १००.०२ होते. मोजणीत एकाही माणसाची चूक नाही. आठ गटांची लोकसंख्या मिळवली की देशाची एकूण १,२१,०८,५४,९७७ ही संख्या तंतोतंत येते. फरक फक्त राउंड करताना पडतो.

| गट | लोकसंख्या | प्रत्यक्ष टक्के | दोन दशांश |
|---|---|---|---|
| हिंदू | ९६,६२,५७,३५३ | ७९.७९९६ | ७९.८० |
| मुस्लिम | १७,२२,४५,१५८ | १४.२२५१ | १४.२३ |
| ख्रिश्चन | २,७८,१९,५८८ | २.२९७५ | २.३० |
| शीख | २,०८,३३,११६ | १.७२०५ | १.७२ |
| बौद्ध | ८४,४२,९७२ | ०.६९७३ | ०.७० |
| जैन | ४४,५१,७५३ | ०.३६७७ | ०.३७ |
| इतर धर्म | ७९,३७,७३४ | ०.६५५५ | ०.६६ |
| धर्म न सांगितलेले | २८,६७,३०३ | ०.२३६८ | ०.२४ |

शेवटचे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले की कारण समजते. आठपैकी सात ओळी वर गेल्या आणि एकटी शीख ही ओळ किंचित खाली आली. वर गेलेल्यांची वाढ एकूण ०.०२०५, खाली आलेलीची घट ०.०००५. उरले ०.०२. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना भागवून टाकतात, असे आपण गृहीत धरतो. ओळी आठच असल्या की तसे घडेलच याची खात्री नसते.

ही खात्री नेमकी किती, याचे गणित १९६७ मध्ये लोकसंख्याशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात मांडले गेले. तोवर तळटीप टाकून विषय मिटवला जाई. त्या निबंधाने दाखवले की दोन ओळी असतील तर बेरीज जुळतेच (दोन्हीकडे नेमका अर्धा उरला तर तेवढा अपवाद). तीन ओळी असतील तर ती साधारण चारात तीन वेळा जुळते आणि चार ओळींना तीनात दोन वेळा. पुढे ओळींची संख्या n धरली की शक्यता साधारण √(6/πn) इतकी उरते. आठ ओळींसाठी हे उत्तर ०.४९ येते. म्हणजे आठ ओळींचे जवळपास निम्मे तक्ते शंभराला जुळणारच नाहीत, आणि त्यात कोणाचाही दोष नसेल.

या सूत्रात दशांशस्थळे कुठेच नाहीत, आणि व्यवहारात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे. स्थळे वाढवली की फरकाचा आकार दहापटीने कमी होतो, पण फरक पडण्याची शक्यता तेवढीच राहते. म्हणून वरच्या तक्त्यात एक स्थळ वाढवल्यावर जुळलेली बेरीज मोडली. ‘अजून एक दशांश घ्या, जुळेल’ हा कार्यालयांत नेहमी ऐकू येणारा सल्ला निराधार आहे.

खरा वाद पुढचा आहे. बेरीज जुळली नाही तर आकडे जुळवून घ्यायचे की नाही? जुळवण्याच्या दोन रीती रूढ आहेत आणि दोन्ही मुळात टक्क्यांसाठी आलेल्या नाहीत.

पहिली रीत सर्वांत मोठ्या उरलेल्या भागाची. ती अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांत वाटण्यासाठी पुढे आली. १७९२ मध्ये तिच्यावर आधारलेले विधेयक राष्ट्राध्यक्षांनी नाकारले, तो त्या देशातला पहिला नकाराधिकार होता. १८५० च्या कायद्याने तीच रीत परत आली. १८८० च्या जनगणनेनंतर एका कर्मचाऱ्याने वेगवेगळ्या सभागृहसंख्यांचे हिशेब मांडले, तेव्हा २९९ जागा असताना अलाबामाला ८ मिळत होत्या आणि ३०० केल्यावर ७. एकूण जागा वाढली आणि एका राज्याची घटली. हा दोष रीतीच्या रचनेतच आहे आणि टक्क्यांच्या तक्त्यातही तो तिच्याबरोबर येतो.

आपल्या तक्त्यावर ती चालवून पाहू. आधी सगळे टक्के दोन दशांशांवर नुसते कापायचे, वर न्यायचे नाहीत : ७९.७९, १४.२२, २.२९, १.७२, ०.६९, ०.३६, ०.६५, ०.२३. बेरीज ९९.९५ येते, म्हणजे ०.०१ चे पाच तुकडे वाटायचे उरले. कापलेला भाग ज्यांचा सर्वांत मोठा त्यांना प्रत्येकी एक तुकडा द्यायचा. हिंदू, जैन, ख्रिश्चन, बौद्ध आणि धर्म न सांगितलेले, असा क्रम लागतो. पाच तुकडे इथेच संपतात. मुस्लिम १४.२२ वर आणि इतर धर्म ०.६५ वर राहतात. बेरीज १००.०० होते.

आता याच तक्त्यात बौद्ध आणि जैन एकत्र करून एकच ओळ दाखवायची आहे असे समजा, जागा कमी असली की असे केले जाते. दोघांचे मिळून १.०६४९ टक्के. कापल्यावर १.०६, आणि उरलेला भाग अर्ध्याहून थोडा कमी. आता चार तुकडे वाटायचे आहेत आणि ते हिंदू, ख्रिश्चन, धर्म न सांगितलेले व इतर धर्म यांना जातात. इतर धर्म ०.६५ वरून ०.६६ झाले. त्या गटात एक माणूस वाढला नाही की कमी झाला नाही, बदल झाला तो भलत्याच दोन ओळींत. शिवाय वेगळे दाखवताना बौद्ध ०.७० आणि जैन ०.३७ मिळून १.०७ होत होते, एकत्र दाखवल्यावर १.०६. असे दोन तक्ते एकाच अहवालाच्या दोन पानांवर आले तर वाचकाला काय सांगणार?

दुसरी रीत सोपी आहे : जो काही फरक असेल तो सर्वांत मोठ्या ओळीतून काढायचा. वृत्तपत्रांच्या आलेखांत आणि हिशेबाच्या पत्रकांत हीच जास्त वापरात दिसते. तिच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे. ०.०१ काढल्याने ७९.८० च्या प्रमाणाला जवळजवळ काहीच होत नाही, ०.३७ मधून तेवढेच काढले तर सदतिसावा हिस्सा जातो. पण मग हिंदू ७९.७८ छापावे लागतात, आणि प्रत्यक्ष आकडा ७९.७९९६ आहे. राउंड करताना चूक जास्तीत जास्त शेवटच्या स्थळाच्या अर्ध्याइतकी असते, हे वाचकाला दिलेले एकमेव वचन. ते इथे मोडते, तेही ज्या आकड्याची राउंड केलेली किंमत जवळजवळ अचूक होती त्याच्याबाबतीत.

जागा वाटायच्या असतील तर जुळवाजुळव टाळता येत नाही, कारण अर्धा प्रतिनिधी सभागृहात बसत नाही. टक्क्यांवर तसे बंधन नाही. लोकसंख्येच्या या तक्त्यात ०.०१ म्हणजे सुमारे १ लाख २१ हजार माणसे. कोणत्या धर्माच्या ओळीतून ती काढायची हे एखाद्या कार्यालयातल्या सूत्राने ठरवावे आणि वाचकाला कळूही नये, हे चुकीचे आहे. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे राउंड करावी, एकूण १००.०० छापावे आणि खाली ‘राउंड केल्यामुळे बेरीज जुळेलच असे नाही’ ही तळटीप द्यावी. हा जुना प्रघात आजही सर्वांत प्रामाणिक आहे. वर्तुळाकार आलेख काढताना आकडे जुळवायची गरज भासत असेल, तर पाकळ्या मूळ संख्यांवरून काढाव्यात आणि लेबलवर राउंड केलेले टक्के लिहावेत. वर्तुळ आपोआप पूर्ण होते.

स्प्रेडशीट आल्यावर या गोंधळाचे रूप बदलले. सेलमध्ये दोन दशांश दिसतात, पण आत पूर्ण आकडा असतो. म्हणून खालची बेरीज १००.०० दाखवते आणि वाचकाने कॅल्क्युलेटरवर तेच आकडे मिळवले की १००.०२ येते. टक्के B2 ते B9 या सेलमध्ये असतील आणि छापण्याआधी दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज पाहायची असेल तर हे सूत्र पुरते :

```
=SUMPRODUCT(ROUND(B2:B9,2))
```

उत्तर १०० नसेल तर तळटीप लागणार हे आधीच कळते. स्प्रेडशीटमधला ‘दाखवल्याप्रमाणे अचूकता’ हा पर्याय मात्र वापरू नये. तो आतले आकडे कायमचे राउंड करतो आणि मूळ आकडे परत मिळत नाहीत.

नेमका अर्धा उरला तर काय करायचे, हाही न मिटलेला प्रश्न आहे. १९६० च्या भारतीय मानकात, आयएस २ मध्ये, पाचाच्या आधीचा अंक विषम असेल तर वर जायचे आणि सम असेल तर तसाच ठेवायचा, असा नियम आहे. स्प्रेडशीटचे ROUND दर वेळी वर जाते. पायथॉनचे round() समाकडे झुकते. आपल्या तक्त्यात याचा सापळा मुस्लिम या ओळीत आहे. प्रत्यक्ष आकडा १४.२२५०८६, म्हणजे अर्ध्याहून जेमतेम जास्त, म्हणून कोणत्याही नियमाने थेट १४.२३. पण कोणी आधी तीन दशांशांवर १४.२२५ करून ठेवले आणि नंतर सम-अंकाच्या नियमाने दोनवर आणले, तर १४.२२ होते. त्याच मानकात राउंड करणे एकाच टप्प्यात, उपलब्ध असलेल्या सर्वांत अचूक आकड्यावरून करावे असे म्हटले आहे, ते याचसाठी.

आणि प्रत्येक फरक राउंडिंगच्या माथी मारता येत नाही. त्याला मर्यादा आहे. दर ओळीत चूक जास्तीत जास्त शेवटच्या स्थळाच्या अर्ध्याएवढी. म्हणून आठ ओळी आणि दोन दशांश असतील तर एकूण फरक ०.०४ च्या पुढे जाऊच शकत नाही. ०.०२ देखील शंभर तक्त्यांतल्या चार-पाचांतच येतो, जनगणनेचा हा तक्ता त्यांतला एक. फरक दर वेळी खालच्या बाजूलाच असेल, ९९.९५ किंवा ९९.९६ असा, तर कोणीतरी आकडे राउंड न करता कापत आहे. आणि धर्म न सांगितलेल्यांना वगळून टक्के काढले की हिंदू ७९.९९ होतात. मग त्याच रकान्याखाली त्यांची ०.२४ ही ओळ जोडली, तर बेरीज १००.२४ च्या आसपास जाते. तिथे तळटीप पुरत नाही, छेद चुकला आहे आणि रकाना पुन्हा काढावा लागतो.