पाण्याखालचं दृश्य: आधी बुडबुड्याचा वेग ठरवा

द्विमितीय अ‍ॅनिमेशनमध्ये पात्र पाण्यात उतरलं की सगळा शॉटच ताणून दुप्पट लांब करण्याचा मोह होतो. मग पात्राबरोबर बुडबुडेही रेंगाळतात आणि दृश्य हवेतल्या स्लो मोशनसारखं दिसतं. पाणी अडवतं ते हातापायांना. बुडबुडा मात्र त्याच्या ठरलेल्या वेगानेच वर जातो.

समजा, १०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत २ मीटर पाणी दिसतंय. म्हणजे १ मीटरला ५४० पिक्सेल. ५ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर चढतो, म्हणजे १३५ पिक्सेल. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दर फ्रेमला साडेपाच पिक्सेल. तळापासून वर पोहोचायला त्याला आठ सेकंद लागतील. पण पडद्यावर तो जेमतेम ३ पिक्सेलचा ठिपका असतो, त्यामुळे सोबत मोठे बुडबुडेही हवेत. ४ सेंटिमीटरचा बुडबुडा गोल राहत नाही. वरून घुमट आणि खालून सपाट असा होतो आणि दर फ्रेमला सुमारे १० पिक्सेल चढतो. सगळे एकाच वेगाने वर गेले, तर छापील नक्षी सरकवल्यासारखी दिसते.

सुटल्यावर क्षणार्धात बुडबुड्याचा वेग स्थिरावतो, म्हणून त्याला सुरुवातीला वेग हळूहळू वाढवणारा ईझ लावू नये. लहान बुडबुड्याच्या पोझिशनला आफ्टर इफेक्ट्समध्ये हे एक्स्प्रेशन पुरतं:

```
t = time - inPoint;
x = value[0] + 8*Math.sin(9*t + index);
y = value[1] - 135*t;
[x, y]
```

`index` मुळे प्रत्येक लेअरचं डोलणं वेगळ्या टप्प्यावर सुरू होतं. ८ पिक्सेलचं हे डोलणं खऱ्यापेक्षा मुद्दाम मोठं घेतलंय, नाहीतर डोळ्याला ते कळतच नाही.

आता हाताचा फटका. हवेत हात थांबताना हळूहळू मंदावतो आणि थोडा पुढे जाऊन मागे येतो. पाण्यात जोर संपताच वेग झपकन पडतो, मग मात्र हात बराच वेळ किंचित सरकत राहतो. कारण पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: वेग निम्मा झाला की रोध पावपट उरतो. म्हणून चित्रांमधली अंतरं ४०, २०, १३, १०, ८ पिक्सेल अशी ठेवावीत. दोन्ही टोकांना सारखा ईझ दिला की पात्र चंद्रावर तरंगल्यासारखं वाटतं. केसांची टोकं मुळांच्या सहा-आठ फ्रेम मागे ठेवावीत, आणि डोकं थांबलं तरी ती पुढे वाहू द्यावीत.

उन्हाच्या तिरिपांबाबत एक मर्यादा पाळावी लागते. पृष्ठभाग शांत असेल तर सूर्य क्षितिजाशी टेकला तरी पाण्यात शिरलेले किरण उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांपलीकडे कलत नाहीत. त्याहून आडवी तिरीप खिडकीतून आल्यासारखी दिसते. तिरिपांचा लेअर स्क्रीन मोडमध्ये, १५ टक्के अपारदर्शकतेवर ठेवावा आणि खाली जाताना कडा अधिकाधिक धूसर कराव्यात. त्या टॉर्चसारख्या फिरवू नयेत; लाटांमुळे त्यांची रुंदी आणि उजेड बदलतो, तेवढाच बदलावा. काही तिरिपा पात्राच्या मागे आणि एखादी पुढे ठेवली की मधलं पाणी जाणवू लागतं.