ग्रीनस्टोन पट्टे आणि क्रेटन (दक्षिण कोकण आणि गोवा)

क्रेटन म्हणजे खंडाचा असा जुना तुकडा जो कोट्यवधी वर्षं फारसा वाकला-मोडला नाही, आणि ग्रीनस्टोन पट्टे म्हणजे त्याच तुकड्यात अडकून राहिलेले जुन्या समुद्रतळाचे आणि ज्वालामुखींचे लांबट पट्टे. कोकणात खडक म्हटलं की आपल्याला काळा कातळ आणि त्यावरचा जांभा एवढंच आठवतं, पण रत्नागिरीकडून खाली यायला लागलं की हा काळा कातळ पातळ होत जातो आणि सिंधुदुर्गात त्याच्या खालचं जुनं जग उघडं पडायला लागतं, ते पुढे गोव्यात सगळीकडे पसरलेलं आहे. हा धारवाड क्रेटनचा वायव्येकडचा कोपरा. काळा कातळ म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटातल्या पट्टेदार नाइस खडकाचं वय ३४० कोटी वर्षांच्या आसपास आलंय, म्हणजे जवळजवळ पन्नास पट जुना.

ह्या क्रेटनमध्ये दोन तऱ्हेचे खडक कायम जोडीनं सापडतात. एक फिकट करडा नाइस, त्यात गारगोटी आणि पांढरट फेल्डस्पार भरपूर, मधेमधे काळ्या अभ्रकाच्या रेघा, गुलाबी फेल्डस्पार मात्र अगदी कमी. दुसरा हिरवट शिस्ट, जो मुळात बेसॉल्टचा लाव्हा होता पण पुढे दाबाखाली आणि उष्णतेत त्यात क्लोराइट, अॅक्टिनोलाइट, एपिडोट अशी हिरवी खनिजं तयार झाली, ग्रीनस्टोन हे नाव त्यावरूनच. गोव्यात ह्या हिरव्या खडकांच्या सोबत वाळू-चिखलाचे थर आणि लोखंडाचे थर आहेत, आणि रेडीची लोखंडाची खाण पण ह्याच घराण्यातली. तिथला कमी कुजलेला दगड हातात घेऊन बघा, एक थर करडा-काळा लोखंडाचा, एक थर सिलिकाचा, परत लोखंडाचा, अशा बारीक रेघा. त्यात मॅग्नेटाइट असेल तर चुंबक चिकटतं, हेमाटाइट असेल तर खरखरीत फरशीवर घासल्यावर लालसर रेघ उठते. हे थर बसले तेव्हा समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नव्हता म्हणून लोखंड पाण्यात विरघळून राहू शकायचं. पुढे पावसाच्या पाण्यानं सिलिका धुऊन नेली आणि लोखंड मागे साचलं, खाणीतला चांगला माल तोच.

आता मूळ प्रश्न, पहिलं खंड कशापासून बनलं? करडा नाइस हे खरं खंडाचं कवच, कारण तो हलका आहे आणि वर तरंगत राहतो. पण तो सरळ पृथ्वीच्या पोटातून वर येत नाही, पोटातला खडक वितळला की बेसॉल्ट मिळतो. ज्या वितळलेल्या रसातून करडा नाइस होतो तो रस मिळवायला पाणी मुरलेला बेसॉल्ट खोलवर जाऊन परत वितळावा लागतो, म्हणजे हिरव्या खडकासारखंच काहीतरी त्याचा कच्चा माल. जिथे वितळताना गार्नेट शिल्लक राहतं तिथे काही जड मूलद्रव्यं त्या गार्नेटमध्ये अडकतात आणि वर आलेल्या रसात कमी पडतात, ही खूण नाइसच्या रासायनिक चाचणीत आजही दिसते, आणि त्यावरूनच रस किती खोलीवर सुटला असेल ह्याचा अंदाज बांधतात.

पण म्हणून सगळा हिरवा खडक जुना आणि सगळा करडा नवा असं अजिबात नाही, इथेच बरेच जण चुकतात. करड्या नाइसच्या आत हिरव्या-काळ्या खडकाचे तुकडे बुडालेले दिसले तर तो हिरवा आधीचा, करडा रस नंतर त्यात घुसला. उलट हिरव्या पट्ट्याच्या तळाशी गोट्यांचा थर असेल आणि तो थर झिजलेल्या नाइसवर बसलेला असेल तर नाइस आधीचा, मग त्यावर समुद्र आला आणि लाव्हा पसरला. कर्नाटकातल्या बाबाबुदन डोंगरात दुसरा प्रकार बघायला मिळतो, गारगोटीच्या गोट्यांचा थर जुन्या नाइसवर बसलेला. चित्रदुर्गजवळच्या मरडीहळ्ळीला तर पाण्याखाली ओतलेल्या लाव्हाच्या उशा आहेत, प्रत्येक उशी वरून फुगीर आणि खालून टोकदार, कारण ती खालच्या दोन उशांच्या फटीत बसते. थर नंतर उलटेपालटे झाले असले तरी त्या टोकावरून मूळची खालची बाजू कळते.

वय कसं काढतात हेही नीट बघायला हवं. अनमोडचं ३४० कोटी वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीनं काढलेलं, त्यात १४ कोटींचा फरक वर-खाली धरलाय, आणि खडक परत तापला किंवा त्यातून गरम पाणी फिरलं की ही मूलद्रव्यं हलतात म्हणून ह्या पद्धतीवर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही. झिरकॉन ह्या टणक खनिजाचा कण जास्त भरवशाचा. तो बनताना युरेनियम आत घेतो पण शिसं जवळपास घेत नाही, मग आत नंतर सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमपासूनच झालेलं. आणि युरेनियमचे दोन प्रकार आपापल्या ठरावीक वेगानं शिसं बनत जातात, म्हणजे दोन घड्याळं एकाच कणात चालू असतात. समजा एका कणात शिसं-२०६ आणि युरेनियम-२३८ ह्यांचं प्रमाण ०.७० आलं, तर वय निघतं ३४२ कोटी वर्षं. दुसऱ्या घड्याळात शिसं-२०७ आणि युरेनियम-२३५ ह्यांचं प्रमाण मग २८ च्या जवळ यायला पाहिजे. आलं तर कण शाबूत. आता समजा अलीकडे त्यातलं सातवा हिस्सा शिसं निसटून गेलं, तर प्रमाणं ०.६० आणि २४ होतात, पहिलं घड्याळ ३०३ कोटी दाखवतं आणि दुसरं ३२७ कोटी. दोघं जुळत नाहीत म्हणजे कण फुटका आहे हे लगेच कळतं, तो आकडा खडकाचं वय म्हणून छापायचा नाही. शिवाय कणाला आत जुना गाभा आणि बाहेर नवीन कवच असू शकतं, म्हणून आधी कण अर्धा घासून त्याचा फोटो काढतात आणि मगच बारीक किरण कुठे मारायचा ते ठरवतात.

कोकणात प्रत्यक्ष फिरताना अडचण जांभ्याची. नाइस असो, बेसॉल्ट असो, पावसानं कुजून वर सगळीकडे तोच लाल जांभा होतो, वरून फरक कळत नाही. विहिरीच्या खणतीत किंवा रस्त्याच्या कापात जांभ्याखालची मऊ पांढरट माती चिमटीत घेऊन चोळावी, कुजलेल्या नाइसच्या मातीत गारगोटीचे कण कचकच लागतात, बेसॉल्टच्या मातीत ते नसतात, कारण बेसॉल्टमध्ये मुळात गारगोटीचे कण नसतात (पोकळ्यांत नंतर साठलेले तुकडे सोडले तर). आणि काळ्या कातळाच्या पोकळ्यांतला हिरवा लेप बघून त्याला ग्रीनस्टोन म्हणू नये. ग्रीनस्टोन आतपर्यंत हिरवा असतो आणि शिस्ट झाला असेल तर पानांसारखा सुटतो.

ह्या क्रेटनची पश्चिमेची कड मात्र इथे पुरी होत नाही, ती किनाऱ्यावर तुटलेली आहे. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अंतोंजिल भागात ह्याच प्रकारचे, तीनशे कोटींहून जुने नाइस आहेत, आणि सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूभाग वेगळे व्हायला लागेपर्यंत ते एकमेकांना लागून होते असं मानतात. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे उभे खांब त्याच फाटण्याच्या वेळच्या लाव्हाचे.